रिझ्युमेतलं खोटं सात-आठ वर्षांनी सापडलं तर कंपनी काय करू शकते आणि काय नाही, थोडी पार्श्वभूमी

आधी जुनी गोष्ट सापडायचीच नाही. कोणी कुठे किती वर्षं काम केलं ते तपासायचं तर जुन्या कंपनीत फोन करा, तिथला एचआर ओळखीचा असेल तर सांगणार, नाहीतर विषय संपला. २०१४ पासून पीएफचा यूएएन आला आणि एका नंबराखाली कुठल्या कंपनीत कधी लागला, कधी सोडलं हे सगळं दिसायला लागलं. मग कंपनी विकली जाते किंवा नवीन क्लायंट सगळ्यांचं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन मागतो, आणि आठ वर्षांपूर्वी रिझ्युमेत "दोन वर्षं अनुभव" लिहिलेला माणूस तिथे अडकतो, कारण पीएफच्या हिस्टरीत त्या दोन वर्षांत काहीच नसतं (अर्थात छोट्या कंपन्यांमध्ये पीएफ कापलाच जात नव्हता असंही असू शकतं, त्यामुळे तेवढ्यावर खोटं सिद्ध होत नाही, आणि हे एचआरवाले सोयीस्कर विसरतात).

कायद्याचं मूळ १८७२ च्या करार कायद्यात आहे. फसवून संमती घेतली असेल तर फसलेली बाजू करार रद्द करू शकते. पण त्यातच एक अट आहे, की चुकीची माहिती निष्पापपणे दिली असेल किंवा नुसतं गप्प राहून फसवणूक झाली असेल, आणि थोडी नेहमीची काळजी घेतली असती तर खरं कळलं असतं, तर मग रद्द करता येत नाही. सरळ ठोकून खोटं बोललं असेल तर मात्र या अटीचा काही उपयोग नाही. म्हणजे विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही आणि विचारल्यावर खोटं सांगितलं, यात पहिल्यापासूनच फरक आहे.

पण नोकरी हा नुसता करार राहिला नाही. फॅक्टरीत स्टँडिंग ऑर्डर्स म्हणजे कामाचे लेखी नियम आले, गैरवर्तन कशाला म्हणायचं याची यादी आली, आणि १९८३ मध्ये ग्लॅक्सो कंपनीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की यादीत नसलेल्या गोष्टीसाठी शिक्षा करता येणार नाही. इथून एक जबरदस्त प्रश्न निघाला. रिझ्युमेत खोटं लिहिलं तेव्हा माणूस कामावर नव्हताच, मग ते नोकरीतलं गैरवर्तन कसं? रेल्वेत काही जणांनी बनावट कॅज्युअल लेबर कार्डं दाखवून नोकरी मिळवली होती, ते प्रकरण ट्रायब्युनलमध्ये गेलं तेव्हा ट्रायब्युनलने कामगारांच्या बाजूने हाच मुद्दा मान्य केला. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो उलटवला. नियमांतल्या यादीत बसो न बसो, फसवून मिळवलेली नेमणूक मालकाला रद्द करता येते, आणि मधे बरीच वर्षं नोकरी झाली म्हणून कोणाचा हक्क तयार होत नाही असं कोर्टाने म्हटलं. आजही कंपन्यांचे वकील पहिल्यांदा हाच निकाल काढतात.

याच्या दुसऱ्या बाजूला १९९३ चा एक निकाल आहे जो मला फार महत्त्वाचा वाटतो. दिल्लीतल्या एका शाळेत १९८१ मध्ये प्रिन्सिपल नेमले गेले, त्यांच्याकडे लागणारा क्लास नव्हता, पण त्यांनी आपली खरी मार्कलिस्टच समोर ठेवली होती, चूक निवडणाऱ्यांची होती. कोर्ट म्हणालं आता इतक्या वर्षांनी त्यांना हलवणं योग्य नाही. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की नियम दिसतो, वर्षं मोजली जातात ती खोटं न बोललेल्या माणसाच्या बाजूने. खोटं बोललेल्याला नुसती वर्षं वाचवत नाहीत.

मग मालकाला अडवतं काय? पद्धत अडवते. २०१६ च्या अवतार सिंग खटल्यात तीन न्यायाधीशांनी या विषयातल्या उलटसुलट निकालांचा गुंता सोडवला. प्रकरण सरकारी नोकरीतलं होतं, व्हेरिफिकेशन फॉर्ममध्ये पोलीस केस लपवण्याचं, पण त्यातल्या दोन गोष्टी सगळीकडे उपयोगी पडतात. फॉर्ममधला प्रश्न नेमका असला पाहिजे, मोघम प्रश्नाच्या उत्तरावरून "माहिती लपवली" म्हणता येत नाही. आणि माणूस कन्फर्म झाला असेल तर काढण्याआधी खातेनिहाय चौकशी झालीच पाहिजे. शिवाय तरुणपणी घोषणा दिल्या वगैरे किरकोळ केस असेल तर ती लपवल्याकडे दुर्लक्ष करायची मुभाही कोर्टाने मालकाला दिली.

आता खाजगीत ही चौकशी कशी होते ते बघा. समजा चाकणच्या फॅक्टरीत एक जण स्टोअर्समध्ये आठ वर्षं आहे आणि रिझ्युमेतला जुना अनुभव खोटा निघाला. आधी कारणे दाखवा नोटीस, मग आरोपपत्र, मग चौकशी अधिकारी, कागद दाखवणे, साक्षीदारांची उलटतपासणी, अहवालाची कॉपी. बरेचदा केस इथेच लटपटते, कारण कंपनीकडे सही केलेला अर्जच नसतो. रिझ्युमे कन्सल्टंटने मेलवर पाठवलेला असतो, तो कोणी बनवला कोणालाच माहीत नाही, आणि जॉइनिंग फॉर्मवर "पूर्वीचा अनुभव" हा रकाना रिकामा असतो. ज्याने सही केलेल्या फॉर्ममध्ये तेच खोटं परत लिहिलंय त्याची बाजू खरोखर कमजोर. दुसरं म्हणजे ते खोटं नसतं तर नोकरी मिळाली नसती का, हे बघितलं जातं. जाहिरातीत अनुभवाची अटच नव्हती तर कंपनीला उत्तर देणं जड जातं.

चौकशी केलीच नाही म्हणजे आपण जिंकलो असं कामगारांना वाटतं, तसं नाहीये. १९७३ च्या फायरस्टोन निकालापासून हे पक्कं आहे की कंपनी लेबर कोर्टात नव्याने पुरावा देऊन आरोप सिद्ध करू शकते. पण त्याच निकालात तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या कलम ११अ चा अर्थही लागला, हे कलम १९७१ मध्ये घातलं होतं, आणि त्यामुळे शिक्षा जास्त वाटली तर कमी करायचा अधिकार कोर्टाला मिळाला. महाराष्ट्रात एमआरटीयू या राज्याच्या कामगार कायद्यातही किरकोळ गैरवर्तनाला, जुनं रेकॉर्ड न बघता, भयंकर मोठी शिक्षा देणं हे अनुचित प्रथेत येतं, फक्त तक्रार ९० दिवसांत करावी लागते आणि ही मुदत लोक सर्रास चुकवतात.

हे सगळं कामगारांसाठी. मॅनेजर, टीम लीड वगैरेंना हे संरक्षण जवळजवळ नाहीच, त्यांचं भांडण ऑफर लेटरपुरतं आणि जिंकले तरी साधारण नोटीस पिरियडचे पैसे, परत नोकरीवर घ्या असं सिव्हिल कोर्ट खाजगी कंपनीला सहसा सांगत नाही. मला हा फरक चुकीचा वाटतो, आयटीतला माणूस आठ वर्षं काम करतो आणि त्याचं म्हणणं ऐकायची सक्तीसुद्धा कोणावर नाही.

पैशांचं वेगळं आहे. केलेल्या कामाचा पगार कंपनी परत मागू शकत नाही, पीएफला तर हात लावताच येत नाही. ग्रॅच्युइटीवर फेब्रुवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, नागपूरच्या वेस्टर्न कोलफिल्ड्सचं प्रकरण, जन्मतारखेचा खोटा दाखला देऊन नोकरी मिळवलेली. तोपर्यंत २०१८ च्या एका निकालावरून असं धरलं जायचं की फौजदारी शिक्षा झाल्याशिवाय नैतिक अधःपतनाच्या नावाखाली ग्रॅच्युइटी जप्त होत नाही. कोर्ट म्हणालं शिक्षेची गरज नाही, नेमणूकच फसवून घेतली होती म्हणून पूर्ण रक्कम जप्त. त्याच निकालात एसटीचे कंडक्टर होते, तिकिटाचे थोडे पैसे खाल्लेले, त्यांची फक्त २५ टक्के कापायला सांगितली. म्हणजे नोकरीत असताना केलेल्या छोट्या अफरातफरीत तीन चतुर्थांश रक्कम हातात आली आणि आत येताना दिलेल्या खोट्या कागदात सगळी गेली.