टाइम सिग्नेचर आणि गाणे ऐकताना मात्रांची मोजणी

टाइम सिग्नेचर म्हणजे स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाच आडव्या रेषांवर स्वर लिहिण्याच्या पद्धतीत, लिहिलेल्या रचनेच्या आरंभी, कोणत्या रेषेवर कोणता स्वर ते ठरवणारा क्लेफ आणि कोणते स्वर चढे किंवा उतरे घ्यायचे ते दाखवणारी की सिग्नेचर यांच्या पाठोपाठ, एकाखाली एक मांडलेल्या दोन अंकांची खूण. क्लेफ आणि की सिग्नेचर प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला पुन्हा लिहितात. टाइम सिग्नेचर मात्र एकदाच येते आणि मध्येच ती बदलली तरच पुन्हा लिहिली जाते. वरचा अंक एका बारमध्ये किती मात्रा आहेत हे सांगतो. बार म्हणजे दोन उभ्या रेषांमधील जागा. खालचा अंक कोणती नोट एक मात्रा धरायची ते सांगतो : २ असेल तर हाफ नोट, ४ असेल तर तिच्या निम्म्या लांबीची क्वार्टर नोट, ८ असेल तर क्वार्टरच्याही निम्म्या लांबीची एट्थ नोट. त्यामुळे ३/४ याचा अर्थ ‘प्रत्येक बारमध्ये तीन क्वार्टर नोटइतका काळ’ असा होतो. हा अपूर्णांक नाही. म्हणूनच ६/८ला संक्षेप देऊन ३/४ करता येत नाही, आणि तसे का करता येत नाही हे पुढे स्पष्ट होईल. अंकांच्या जागी कधी कधी C सारखे चिन्ह दिसते, ते ४/४चे चिन्ह होय. गाणे किती जलद आहे, हे मात्र टाइम सिग्नेचरमधून कळत नाही. त्यासाठी टेम्पोची सूचना वेगळी दिलेली असते.

कागदावरचे हे दोन्ही अंक कानाला सारखेच ऐकू येत नाहीत. वरचा अंक ऐकू येतो, कारण बारची पहिली मात्रा इतरांपेक्षा वजनदार असते आणि दोन वजनदार मात्रांमधले अंतर मोजता येते. खालचा अंक ही लिहिणाऱ्याची निवड असते. एकच चाल ३/४मध्ये लिहिली काय किंवा ३/८मध्ये लिहिली काय, वादकाने त्याच गतीने वाजवल्यास ऐकणाऱ्याला फरक कळणार नाही. म्हणून ऐकून मोजणाऱ्या नवशिक्याने खालच्या अंकाचा शोध घेऊ नये. पहिली मात्रा कुठे पडते आणि ती किती मात्रांनी परत येते, एवढेच त्याने शोधावे.

मोजणीची सुरुवात आकड्यांपासून न करता पायापासून करावी. प्रथम गाण्याबरोबर पाय सम अंतराने पडू द्यावा आणि तो आपोआप टिकेपर्यंत काहीही मोजू नये. मग बेसचा खालचा स्वर आणि कॉर्डचा, म्हणजे साथीत एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहाचा, बदल यांकडे लक्ष द्यावे, कारण कॉर्ड बहुधा पहिल्या मात्रेवर बदलते. ड्रमचा सर्वांत ठसठशीत आवाज म्हणजेच ‘एक’ असे समजणे, ही नवशिक्यांची फार मोठी चूक आहे. ४/४मधल्या असंख्य पॉप आणि रॉक गाण्यांत स्नेअर या ड्रमचा कडक ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असतो, तर पहिल्या मात्रेवर किक ड्रमचा खोल, कमी उठावदार आवाज असतो. जो स्नेअरला ‘एक’ म्हणतो त्याची मोजणी चारचीच राहते, पण ती एका किंवा तीन मात्रांनी सरकलेली असते.

मोजणी बरोबर आहे की नाही, हे तपासण्याची खात्रीशीर रीत अशी : वजनदार मात्रा आपल्या कोणत्या आकड्यावर पडते याकडे पाहावे. ती प्रत्येक वेळी ‘एक’वर पडत असेल, तर सर्व ठीक आहे. ती प्रत्येक वेळी दुसऱ्याच एका ठरावीक आकड्यावर, समजा ‘दोन’वर, पडत असेल, तर बारची लांबी आपण बरोबर ओळखली आहे, फक्त सुरुवात चुकली आहे. ती दर बारला सरकत असेल, तर मात्र लांबीच चुकली आहे. चारने मोजताना वजन १, ४, ३, २ असे मागे सरकले, तर बार तीन मात्रांचा आहे. १, २, ३, ४ असे पुढे सरकले, तर तो पाच मात्रांचा आहे.

‘हॅपी बर्थडे टू यू’ ही सर्वपरिचित चाल ३/४मध्ये आहे आणि सरावाला उत्तम आहे, कारण ती पहिल्या मात्रेवर सुरू होत नाही. ‘हॅपी’ हे दोन्ही स्वर मिळून तिसरी मात्रा भरतात. वजन पडते ते ‘बर्थ’वर. म्हणजे ‘बर्थ’ एक, ‘डे’ दोन, ‘टू’ तीन. पुढे ‘यू’ एक आणि दोन असे लांबते आणि तिसऱ्या मात्रेवर पुन्हा ‘हॅपी’ येते. ‘यू’शी साथीची कॉर्डही बदलते, त्यामुळे तिथे नवा बार सुरू झाल्याची पुष्टी मिळते. आता कोणी ‘हॅपी’लाच एक म्हटले, तर ‘बर्थ’ आणि ‘यू’ दोन्ही प्रत्येक वेळी ‘दोन’वर पडतील : लांबी बरोबर, सुरुवात चूक. ‘बर्थ’पासूनच पण चारने मोजले, तर पहिले ‘बर्थ’ एकवर, ‘यू’ चारवर, दुसऱ्या ओळीतले ‘बर्थ’ तीनवर आणि त्यापुढचे ‘यू’ दोनवर येईल. पहिल्या पूर्ण बारच्या आधी येणाऱ्या अशा अपुऱ्या बारला पिकअप म्हणतात. गायकाचा पहिला शब्द म्हणजे पहिली मात्रा, ही समजूत अशा चालींत हमखास फसवते.

सर्वांत जास्त गोंधळ ३/४ आणि ६/८ यांच्यात होतो. दोन्ही बारांत सहा एट्थ नोट मावतात, पण त्यांचे गट निराळे असतात. ३/४मध्ये दोन-दोनचे तीन गट होतात : ‘एक अन् दोन अन् तीन अन्’. ६/८मध्ये तीन-तीनचे दोन गट होतात : ‘एक दोन तीन चार पाच सहा’, आणि वजन एकवर व त्याहून हलके चारवर येते. म्हणून ६/८चे गाणे ऐकताना पाय बारमध्ये सहा वेळा नव्हे, तर बहुधा दोनच वेळा पडतो आणि प्रत्येक ठोक्याच्या पोटात तीन झुलते स्वर ऐकू येतात. वरच्या अंकाचा अर्थ इथे थोडा बदलतो, हे नवशिक्याला सहसा कोणी सांगत नाही : वर ६, ९ किंवा १२ असेल, तर प्रत्यक्ष जाणवणारे ठोके साधारणपणे त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे २, ३ किंवा ४ असतात. दोन ठोक्यांच्या मधली जागा दोनमध्ये विभागते की तीनमध्ये, हे मनात ‘अन्’ म्हणून पाहिल्यास लगेच कळते. एकच ‘अन्’ बरोबर मध्ये बसला, तर विभागणी दोनची आहे. तो स्वरांच्या मध्येच अडकून पडत असेल, तर तीनची आहे.

पाच मात्रांच्या बारमध्येही गट शोधणे, सलग पाच मोजण्यापेक्षा सोपे जाते. डेव्ह ब्रूबेक क्वार्टेटने १९५९ साली ध्वनिमुद्रित केलेली ‘टेक फाइव्ह’ ही ५/४मधील रचना ‘एक दोन तीन, एक दोन’ अशी मोजली, की पियानोवर सतत फिरणाऱ्या आकृतीशी मोजणी जुळते. २/४ आणि ४/४ यांतील निवड मात्र कानाने नेहमीच ठरवता येत नाही, कारण दोन मात्रांचे दोन बार आणि चार मात्रांचा एक बार यांतील फरक तिसऱ्या मात्रेचे वजन किती हलके आहे यावरच अवलंबून असतो. अशा वेळी दोन जाणकार श्रोत्यांची उत्तरे वेगळी आली, तरी दोघांची मोजणी गाण्याशी सारखीच जुळलेली असू शकते.