करारापूर्वी प्रकाशकाचं पत्र आलं: साधनांचं निवेदन आणि कच्चे खर्डे कसे द्यायचे

हस्तलिखित पसंत पडल्याचा निरोप येतो आणि कराराच्या मसुद्याआधी एक पत्र येतं. लेखनात कोणती एआय साधनं वापरली ते सहीनिशी कळवा आणि पुस्तकाचे कच्चे खर्डे पाठवा, असं त्यात लिहिलेलं असतं. हे वाचून आपल्यावर संशय घेतला जातोय असं वाटणं स्वाभाविक आहे. पण या माहितीची प्रकाशकाला खरोखर गरज असते.

करारात लेखक हमी देतो की मजकूर त्याचा स्वतःचा आहे. या हमीवरच प्रकाशक पुढचे व्यवहार करतो. किंडलवर ई-बुक चढवताना मजकूर, चित्रं किंवा अनुवाद एआयने तयार केला आहे का, हा प्रश्न २०२३च्या सप्टेंबरपासून विचारला जातो, आणि त्याचं उत्तर प्रकाशकाला द्यावं लागतं. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात, संगणकाने तयार झालेल्या कृतीचा लेखक म्हणजे ती कृती घडवून आणणारी व्यक्ती, अशी व्याख्या आहे. पण ती १९९४च्या दुरुस्तीत आली. आजची चॅटबॉट साधनं तेव्हा कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हती. त्यामुळे प्रकाशक आधीच विचारून घेतो, आणि ते लेखकाच्याही हिताचं आहे. वाद निघालाच तर आपण काय सांगितलं होतं, ते कागदावर असतं.

निवेदन कोणी द्यायचं

मूळ लेखक तर देतोच. सहलेखक असतील तर प्रत्येकाने आपापलं वेगळं द्यावं, कारण दुसऱ्याच्या टेबलावर काय चाललं होतं याची हमी आपण घेऊ शकत नाही. संपादित ग्रंथ असेल तर संपादकाने प्रत्येक लेखकाकडून दोन ओळी लेखी घेऊन ठेवाव्यात. सगळ्यात जास्त काळजी अनुवादकाने घ्यायची आहे. आधी यंत्राकडून अनुवाद करून घेतला आणि मग ओळ न् ओळ सुधारली, तरी किंडलच्या नियमात तो यंत्राने तयार केलेलाच मजकूर धरला जातो, सुधारणा कितीही मोठी असो.

काय सांगायचं, काय नाही

इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. छापल्या जाणाऱ्या मजकुरातलं वाक्य पहिल्यांदा कोणी रचलं, या एका प्रश्नावर सगळं ठरवा. शुद्धलेखन तपासनीस, मोबाइलवर बोलून टंकलेखन किंवा वहीच्या पानाचा फोटो काढून त्यातून अक्षरं काढणं यांत वाक्य तुमचंच असतं. त्यांचा उल्लेख एका ओळीत पुरतो. चॅटबॉटला विषय देऊन परिच्छेद लिहून घेतला आणि मग तो आपल्या भाषेत फिरवला, तर पहिली रचना यंत्राची झाली. ते प्रकरण आणि पान देऊन सांगायलाच हवं. माहिती विचारली पण वाक्य घेतलं नाही, तर तेही लिहा आणि ती माहिती कोणत्या पुस्तकातून किंवा कागदपत्रातून पडताळली ते सोबत द्या.

एक उदाहरण घेऊ. समजा, १९७२च्या दुष्काळावरची बावीस प्रकरणांची कादंबरी आहे. पहिली सहा प्रकरणं वहीत लिहिलेली, डीटीपी ऑपरेटरने श्रीलिपीत टंकलेली आणि नंतर युनिकोडमध्ये बदललेली. उरलेली गुगल डॉक्समध्ये, बरीचशी बोलून टंकलेली. चौदाव्या प्रकरणात दुष्काळी कामावरची एक सरकारी नोटीस आहे. तिचा पहिला मसुदा चॅटबॉटने दिला आणि लेखकाने तो बदलून वापरला. निवेदन असं होईल:

> प्रकरण १ ते ६ मी हाताने लिहिली. टंकलेखन ऑपरेटरकडून झाले. नंतर फाँट श्रीलिपीतून युनिकोडमध्ये बदलला. प्रकरण ७ ते २२ मी गुगल डॉक्समध्ये लिहिली. काही भाग आवाजी टंकलेखनाने. प्रकरण १४मधील नोटिशीचा (सुमारे १२० शब्द) पहिला मसुदा एआय साधनाने तयार केला होता, तो मी बदलून वापरला आहे. याखेरीज पुस्तकातील कोणताही मजकूर एआय साधनाने रचलेला नाही.

साधनाचं नाव आणि ते वापरल्याचा महिनाही घाला. ती नोटीस पुढे मूळ कागदपत्रं पाहून नव्याने लिहिली, तर निवेदनही बदलून नव्या तारखेने द्या. "एआय अजिबात वापरलेलं नाही" असं घाईने लिहून देऊ नका. असं सरसकट वाक्य एका नोटिशीमुळेही खोटं ठरतं.

खर्डे कोणते आणि कसे

पेटीभर कागद पाठवायची गरज नाही. प्रकाशकाला दोन-तीन प्रकरणं निवडायला सांगा आणि प्रत्येकाच्या तीन अवस्था द्या: पहिला खर्डा, मधली दुरुस्ती, अंतिम प्रत. वहीतल्या पानांचे फोटो काढताना खाडाखोड आणि समासातल्या नोंदी दिसू द्या. लेखन कसं घडलं हे त्यांतूनच कळतं.

गुगल डॉक्समध्ये `File → Version history → See version history` इथे जुन्या आवृत्त्या तारखेसह दिसतात. मात्र फक्त वाचण्याची परवानगी असलेल्याला हा इतिहास दिसत नाही, आणि तेवढ्यासाठी बाहेरच्या माणसाला संपादनाची परवानगी देणं धोक्याचं आहे. म्हणून हव्या त्या जुन्या आवृत्तीची `Make a copy` वापरून वेगळी प्रत करा, तिची पीडीएफ काढा आणि तारखांच्या यादीचा स्क्रीनशॉट जोडा.

आपल्याकडे हमखास येणारी अडचण जुन्या फाँटची आहे. श्रीलिपीतून बदललेलं प्रकरण नव्या फाइलमध्ये एकदम चिकटवलं जातं. इतिहासात ते एका क्षणी अवतरलेल्या हजारो शब्दांसारखं दिसतं, आणि चॅटबॉटमधून उचललेला मजकूरही तसाच दिसतो. त्यामुळे जुनी श्रीलिपीची फाइल मूळ तारखेसह जपा, ऑपरेटरला पाठवलेले ईमेल शोधून ठेवा आणि ही गोष्ट निवेदनात स्वतःहून सांगा.

पाठवण्याआधी दोन गोष्टी मागून घ्या

सोबतच्या ईमेलमध्ये लिहा की हे खर्डे केवळ पडताळणीसाठी आहेत, ते इतर कुणाला दाखवू नयेत आणि कोणत्याही एआय साधनात चढवू नयेत. नुसते खर्डे पाठवल्याने हक्क जात नाहीत. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९नुसार हक्क सोपवायला सहीचा लेखी दस्तऐवज लागतो. गुप्ततेची हमी मात्र मागितल्याशिवाय मिळत नाही, म्हणून ती लेखी घ्या.

दुसरी गोष्ट डिटेक्टरची. मजकूर यंत्राचा आहे का हे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरचा आकडा अंतिम मानला जाईल, अशी अट पत्रात किंवा करारात असेल तर ती काढायला सांगा. ओपनएआयने स्वतःचं असं साधन अचूकता कमी असल्याने जुलै २०२३मध्ये बंद केलं, आणि ते चालू होतं तेव्हाही फक्त इंग्रजीसाठीच वापरा, असं कंपनीच सांगत होती. मराठी मजकुरावर अशा आकड्याच्या भरवशाने कुणाचा करार मोडला जाऊ नये. त्याऐवजी "शंका आल्यास लेखकाला खर्डे दाखवून खुलासा करण्याची संधी दिली जाईल" हे वाक्य घालून घ्या.

करार हातात आला की तुमचं निवेदन त्याला परिशिष्ट म्हणून जोडलंय का, ते पाहा. हमीच्या कलमात "परिशिष्टात नमूद केलेला भाग वगळता" हे शब्द हवेत. ते नसतील, तर चौदाव्या प्रकरणातली नोटीस प्रामाणिकपणे सांगूनही, संपूर्ण मजकूर स्वतःचा असल्याची सही तुम्ही करून बसाल आणि नुकसानभरपाईचं कलम तुमच्यावरच येईल. ते शब्द घातल्याशिवाय सही करू नका.