मुदत ठेवीचा वास्तव परतावा

बँकेतील मुदत ठेवीवर मिळालेल्या व्याजातून प्राप्तिकर वजा केल्यानंतर आणि त्याच काळातील महागाई हिशेबात घेतल्यानंतर ठेवीदाराच्या क्रयशक्तीत जी खरी वाढ किंवा घट होते, तिला त्या ठेवीचा करोत्तर वास्तव परतावा म्हणतात. ठेव पावतीवर छापलेला दर हा केवळ नाममात्र दर असतो. वास्तव परतावा कोणत्याही पावतीवर छापलेला नसतो आणि तो बँकेला सांगताही येत नाही, कारण ठेवीदाराचे इतर उत्पन्न किती आहे व पुढील वर्षी भाव किती वाढतील, या दोन्ही गोष्टी बँकेच्या हाती नसतात.

हिशेब दोन पायऱ्यांत होतो. आधी व्याजातून कर वजा करायचा आणि मग मुद्दलासह हाती उरलेल्या रकमेला भाव जितक्या पटीने वाढले त्या पटीने, म्हणजे ५ टक्के महागाईला १.०५ ने, भागायचे. समजा, कोल्हापुरातील एका नोकरदाराने ५ लाख रुपये एका वर्षासाठी ७ टक्क्यांनी ठेवले आहेत. त्याचे उत्पन्न २० टक्क्यांच्या करटप्प्यात येते, म्हणजे ४ टक्के उपकरासह व्याजावर २०.८ टक्के कर लागतो. वर्षाअखेर ३५,००० रुपये व्याज मिळेल, त्यातील ७,२८० रुपये करात जातील आणि हाती एकूण ५,२७,७२० रुपये राहतील. त्या वर्षात महागाई ५ टक्के राहिली, तर पूर्वी ५ लाखांत येणारा माल आता ५,२५,००० रुपयांना पडेल. म्हणजे खरी वाढ अवघी २,७२० रुपयांची आणि वास्तव परतावा सुमारे ०.५२ टक्के. सातातून पाच वजा करून ‘दोन टक्के सुटतात’ असा जो तोंडी हिशेब केला जातो, त्याच्या जवळपास एक चतुर्थांशच प्रत्यक्षात उरते.

याचे मूळ कर आकारण्याच्या पद्धतीत आहे. वरील ३५,००० रुपयांपैकी २५,००० रुपये ही केवळ भाववाढीची भरपाई आहे. त्यांनी ठेवीदार श्रीमंत होत नाही, तो होता तिथेच राहतो. परंतु भारतात मुदत ठेवीचे संपूर्ण नाममात्र व्याज ‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ म्हणून करपात्र ठरते आणि त्यातून महागाईपोटी कोणतीही वजावट मिळत नाही. म्हणून व्याजदर व महागाई यांतील अंतर तेच राहिले, तरी दोन्ही वाढल्यास ठेवीदाराचे नुकसान होते. व्याज १० टक्के आणि महागाई ८ टक्के असेल, तर अंतर दोनाचेच आहे. पण कर भरून ७.९२ टक्के उरतात आणि वास्तव परतावा किंचित उणे होतो. चढ्या व्याजदराच्या काळात ठेवीदार खूश असतात, तेव्हाच हा हिशेब अधिक काळजीने करावा लागतो.

कोल्हापूर परिसरात सहकारी बँका आणि पतसंस्थांचे जाळे दाट आहे आणि ‘दामदुप्पट’ ठेवींची सवय जुनी आहे. एखादी ठेव नऊ वर्षांत दुप्पट होत असेल, तर तिचा वार्षिक चक्रवाढ दर सुमारे ८ टक्के पडतो. त्याच २०.८ टक्के दराने दरवर्षी व्याजातूनच कर भरला गेला असे धरले, तर उरणारा दर सुमारे ६.३४ टक्के होतो आणि एका लाखाचे नऊ वर्षांनी दोन लाख नव्हे, तर साधारण १ लाख ७४ हजार होतात. महागाई सलग ५ टक्के राहिल्यास आजच्या किमतीत त्यांचे मोल सुमारे १ लाख १२ हजार भरते. दाम दुप्पट झालेले दिसले, तरी क्रयशक्ती नऊ वर्षांत जेमतेम बारा टक्क्यांनी वाढलेली असते. पतसंस्था आपल्या सभासदांच्या व्याजातून सहसा टीडीएस कापत नाहीत. त्यामुळे हे व्याज करमुक्त आहे असा समज अनेक घरांत आढळतो. तो चुकीचा आहे. कपात झाली नाही, तरी व्याज करपात्रच राहते.

करकपात आणि करदायित्व यांतील हा फरक निवृत्तांच्या बाबतीत सर्वांत महाग पडू शकतो. कोल्हापूरच्या राजारामपुरीत राहणाऱ्या, साठी ओलांडलेल्या एका निवृत्त प्राध्यापकांचा कल्पित हिशेब पाहू. आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये नव्या करप्रणालीनुसार ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट घेतल्यावर त्यांचे निवृत्तिवेतन ११,८०,००० रुपये उरते. या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर करसवलतीमुळे कर शून्य होतो. आता त्यांनी १० लाख रुपये ७ टक्क्यांनी ठेवले आणि ७०,००० रुपये व्याज आले, तर एकूण उत्पन्न १२,५०,००० होते. टप्प्यांप्रमाणे कर ६७,५०० रुपये निघतो. मात्र मर्यादा किंचित ओलांडणाऱ्यांसाठी असलेल्या सीमांत सवलतीमुळे तो १२ लाखांवरील रकमेइतका, म्हणजे ५०,००० रुपयांवर थांबतो. उपकर धरून ५२,००० रुपये भरावे लागतात. ठेव नसती, तर त्यांना एक रुपयाही कर लागला नसता. तेव्हा हा सगळा कर व्याजावरच पडला असे म्हटले पाहिजे. हाती १८,००० रुपये उरतात. दर १.८ टक्के, आणि ५ टक्के महागाई धरता वास्तव परतावा उणे ३ टक्क्यांच्या आसपास.

बँक या प्राध्यापकांच्या खात्यातून काहीच कापणार नाही, कारण ज्येष्ठ नागरिकांसाठी टीडीएसची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १ लाख रुपये व्याज अशी आहे. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठांना अग्रिम करही भरावा लागत नाही. त्यामुळे विवरणपत्र भरायला बसेपर्यंत या बोज्याची कल्पनाच येत नाही. १२ लाखांपासून सुमारे १२ लाख ७० हजारांपर्यंतच्या पट्ट्यात व्याजाचा प्रत्येक जादा रुपया संपूर्ण करात जातो आणि वर उपकर लागतो. इतर उत्पन्न आधीच १३ लाख असलेल्या माणसाला मात्र त्याच ७०,००० रुपयांवर १५.६ टक्केच कर पडतो व त्याचा वास्तव परतावा सुमारे ०.८७ टक्के राहतो. म्हणून शेजाऱ्याचा किंवा सरासरीचा करदर घेऊन हा हिशेब करू नये. ठेवीचे व्याज मिळवण्यापूर्वीचा व मिळवल्यानंतरचा, असा स्वतःचा कर दोनदा काढून त्यांतील फरक घ्यावा.

महागाईचा आकडा सामान्यतः ग्राहक किंमत निर्देशांकावरून घेतात. तो राज्यनिहाय, ग्रामीण व शहरी असा उपलब्ध असतो. पण ज्या घरात औषधोपचाराचा खर्च मोठा आहे, त्या घराची महागाई त्याहून वेगळी असू शकते. शिवाय दर ठेवीच्या दिवशी ठरतो आणि महागाई नंतर कळते. २०२२-२३ मध्ये देशातील सरासरी किरकोळ महागाई ६.७ टक्के होती, तर त्याआधीच्या वर्षी मोठ्या बँकांच्या एक वर्षाच्या ठेवींचे दर ५ टक्क्यांच्या आसपास होते. त्या ठेवीदारांचा वास्तव परतावा कर लागण्यापूर्वीच उणे झाला होता.

वरच्या निवृत्त प्राध्यापकांसारख्या स्थितीत बहुतेकांच्या मनात प्रथम येणारा उपाय म्हणजे ठेव पत्नीच्या नावे करणे. पत्नीचे स्वतःचे पैसे असतील, तर व्याज तिच्या उत्पन्नात धरले जाते आणि अडचण राहत नाही. पतीने दिलेल्या पैशांवरील व्याज मात्र पतीच्याच उत्पन्नात मिळवले जाते, पावतीवर नाव कोणाचेही असले तरी. त्या व्याजाची पुन्हा ठेव केल्यावर तिच्यावर मिळणारे व्याज तेवढे पत्नीचे ठरते.