आठवणवही दिलीत, आता ती उघडू नका

घरातलं माणूस गेल्यावर मागे राहिलेल्याने त्याच्या आठवणी लिहाव्यात, म्हणून आम्ही छापील प्रश्नांची आठवणवही बनवतो. घरचे ती नेऊन देतात आणि आमच्याकडे दर आठवड्याला एक तरी फोन येतो: "वही दिली होती, आई लिहीतच नाही." आम्ही आधी एकच विचारतो, तुम्ही वाचून पाहिलीत का? बहुतेक वेळा पलीकडे जरा वेळ शांतता असते.

गेल्या वर्षी एका मुलाने वडील गेल्यावर आईसाठी वही नेली. आईने पहिल्या पानावर चार ओळी लिहिल्या. त्याने त्या वाचल्या, डोळे भरून आले आणि प्रेमाने म्हणाला, "आई, किती छान लिहिलंयस!" त्यानंतर वही कपाटात गेली ती गेलीच. जी व्यक्ती दुःखाबद्दल बोलू शकत नाही, तिला कौतुकसुद्धा बोलायला लावल्यासारखं वाटतं. आम्ही त्यांना दुसरी वही दिली आणि सांगितलं, उशाशी ठेवा, वर पेन ठेवा, विषय काढू नका. पंधरा दिवसांनी त्या स्वतःच वही घेऊन चिरंजीवांकडे आल्या. "त्यांचा चहा कसा असायचा?" या पानावर लिहिलं होतं: 'साखर दोन चमचे. डॉक्टरांना एक सांगायचे.' दोघं हसले म्हणे, मग रडले.

वहीत प्रश्न असे साधेच आहेत. "दाराची बेल ते कशी वाजवायचे?", "त्यांचं न आवडणारं एक…" असं अर्धं वाक्य. एका शब्दाचं उत्तर चालतं, पान सोडलं तरी चालतं. तारखा छापलेल्या नाहीत, म्हणजे खाडा झाला असं वाटत नाही. शेवटच्या दिवसाबद्दलचे प्रश्न आम्ही मुद्दाम मागच्या बंद पाकिटात ठेवतो. ते पाकीट तुम्ही फोडून देऊ नका. कधी फोडायचं, फोडायचं की नाही, हे लिहिणाऱ्याने ठरवायचं.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांच्या १९८६ सालच्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं मनातलं दुःख लिहिलं. लिहून झाल्या झाल्या त्यांना उलट जड वाटलं. घरातही तसंच होतं. डोळे सुजलेले दिसले म्हणून वही लपवू नका. मात्र एका वेळी पंधरा मिनिटांपेक्षा जास्त लिहू नये, आणि एखादं पान फारच झेपेना तर तिथेच थांबून दुसरं घ्यावं.

तेराव्यापर्यंत वही देऊ नका. पाहुणे गेले, घर रिकामं झालं, की द्या.

आठवडे झाले तरी जेवण-झोप नसेल, किंवा "आता जगून काय करू" असं ऐकू आलं, तर वहीवर विसंबू नका. डॉक्टरांकडे न्या, किंवा १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, मराठीतही बोलतात.

ज्येष्ठांसाठी रुंद ओळींची, ठळक अक्षराची वही वेगळी मिळते. पानं भरली तर जास्तीची पानं त्याच पुठ्ठ्यात दोऱ्याने ओवून देतो. त्यासाठी वही आमच्याकडे आणावी लागते. ती आम्हीही वाचत नाही. लिहिलेली पानं आधी रिबिनीने बांधून आणा.