प्रमाणी-समाकली ऑप-अँप मंडल

प्रमाणी-समाकली ऑप-अँप मंडल : नियंत्रण पद्धतीतील चूक, म्हणजे इष्ट मूल्य व प्रत्यक्ष मूल्य यांतील फरक, विद्युत् दाबाच्या रूपात घेऊन त्या चुकीच्या प्रमाणात आणि तिच्या काळानुसार साचत जाणाऱ्या बेरजेच्या प्रमाणात निर्गत देणारे मंडल. यात ऑप-अँप या अतिशय मोठ्या विवर्धनाच्या विवर्धकाच्या उलट्या आदानाला R₁ हा रोधक जोडतात. निर्गतापासून उलट्या आदानाकडे परतणाऱ्या प्रतिपोषणाच्या वाटेत R₂ हा रोधक व C हा कपॅसिटर एकसरीत असतात. निर्गताचे चिन्ह आदानाच्या उलट येते, म्हणून पुढे एक साधा उलटवणारा टप्पा लावतात किंवा चूकच उलट्या चिन्हाने घेतात. Ve हा चुकीचा दाब, Vo ही निर्गत, s हा लाप्लास चल, Kp हा गेन, म्हणजे आदानाच्या किती पट निर्गत येते तो आकडा, व Ti हा पुढे सांगितलेला समाकल काल मानून आणि चिन्ह बाजूला ठेवल्यास :

```
Vo / Ve = (R2/R1) · (1 + 1/(R2·C·s))
Kp = R2/R1      Ti = R2·C
```

उगम : समाकली, म्हणजे चुकीची बेरीज साचवणाऱ्या, क्रियेचे श्रेय कोणाला द्यायचे, यावर एकमत नाही. पुष्कळ पाठ्यपुस्तके निकोलस मिनॉर्स्की यांच्या जहाज सुकाणूवरील १९२२ च्या निबंधापासून सुरुवात करतात. मात्र जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६८ मधील गतिनियामकांवरील निबंधात वेगाची तूट शिल्लक ठेवणारी यंत्रे आणि ती पुसून टाकणारी यंत्रे असा भेद केला आहे. फ्लीमिंग जेंकिन यांचा नियामक त्यांनी दुसऱ्या वर्गात धरला आहे. कल्पना तेव्हाचीच मानणे अधिक रास्त दिसते. तिचे गणित व नाव नंतरचे. ऑप-अँपच्या बाबतीतही असेच घडले. कार्ल स्वार्ट्झेल यांचा बेल प्रयोगशाळेतील एकस्व अर्ज १९४१ चा आहे, पण ‘ऑपरेशनल अँप्लिफायर’ हे नाव रॅगाझिनी, रँडल व रसेल यांच्या १९४७ च्या लेखाने रूढ केले. हीच क्रिया त्याआधी, १९३० च्या दशकात, वायुदाबाच्या नियंत्रकांत भाता व अरुंद छिद्र यांनी साधली जात होती. त्यामुळे वरील मंडल ही नवी कल्पना नसून वायुदाबाच्या यंत्रणेचे विद्युत् रूप होय, हे मत येथे ग्राह्य धरले आहे.

गेन व समाकल काल : चूक एकदम बदलली की त्या क्षणी कपॅसिटरवरील दाब बदलू शकत नाही. R₁ मधून आलेला सर्व प्रवाह R₂ मधून जातो आणि निर्गत R₂/R₁ पटीने उडी घेते. त्यानंतर तोच प्रवाह कपॅसिटर भरत राहतो व निर्गत एका चालीने चढत जाते. पहिल्या उडीइतकीच आणखी चढण होण्यास जो वेळ लागतो तो समाकल काल Ti. रोधक मेगओहममध्ये व कपॅसिटर मायक्रोफॅरडमध्ये घेतल्यास गुणाकार थेट सेकंदांत येतो.

गेनची खुंटी कोठे बसवली आहे यावर मंडलाची वागणूक ठरते. ती R₁ मध्ये असेल तर गेन बदलतो, Ti तसाच राहतो. R₂ मध्ये असेल तर गेन व Ti एकाच वेळी त्याच पटीत वाढतात; चढण्याचा वेग मात्र बदलत नाही, कारण तो केवळ R₁ व C यांवर अवलंबून आहे. जुन्या नियंत्रकाच्या कार्डावर ‘गेन’ लिहिलेली खुंटी फिरवल्यावर उडी बदलते पण चढ तोच राहतो, असे दिसले तर खुंटी R₂ मध्ये आहे असे समजावे. काही नियंत्रकांवर Ti ऐवजी मिनिटाला किती वेळा उडीची पुनरावृत्ती होते तो आकडा असतो. तेथे १०० सेकंदांचा काल ०.६ असा दिसतो, आणि आकडा वाढवला की क्रिया मंद न होता जलद होते.

उदाहरण : सांगलीच्या बाजारात येणाऱ्या हळदीचे नमुने ६०° से. ला वाळवण्याचे विजेचे छोटे कपाट घेऊ. तापमापक व त्यानंतरचा विवर्धक मिळून दर अंशाला १०० मिलिव्होल्ट देतात आणि हीटरचा चालक ० ते १० व्होल्ट घेतो. २० अंशांच्या चुकीला पूर्ण उष्णता हवी असेल तर २ व्होल्टला १० व्होल्ट, म्हणजे गेन ५. Ti १०० सेकंद ठरवला, तर १० मायक्रोफॅरडसाठी R₂ १० मेगओहम व R₁ २ मेगओहम येतो. चूक ५ अंशांची झाली की निर्गत २.५ व्होल्टने उडते. चूक तशीच राहिली तर १०० सेकंदांत आणखी २.५ व्होल्ट चढते.

कागदावर हे ठीक आहे, पण येथे ७४१ हा सर्रास मिळणारा ऑप-अँप बसवला तर कपाट ६०° वर स्थिरावत नाही. त्याचा आदान प्रवाह नमुनेदार तुकड्यात ८० नॅनोअँपिअर असतो. स्थिर स्थितीत कपॅसिटरमधून प्रवाह जात नाही, म्हणून तो सगळा R₁ मधूनच यावा लागतो : २ मेगओहमवर १६० मिलिव्होल्ट, म्हणजे १.६ अंश. तूट पुसण्यासाठी घातलेली क्रियाच कायमची तूट निर्माण करते. सरळ आदानाला रोधक लावून हे बरेच सावरता येते, परंतु तो R₁ एवढाच हवा. R₁ व R₂ यांचा समांतर रोध घेण्याची सवय येथे चुकीची ठरते, कारण एकदिश प्रवाहाला R₂ ची वाट बंदच असते. त्याहून सोपे म्हणजे टीएल०७१ सारखा फेट आदानाचा ऑप-अँप. त्याचा आदान प्रवाह दहा-वीस वा शंभरेक पिकोअँपिअरच्या घरात असतो आणि राहिलेली चूक मुख्यतः काही मिलिव्होल्टच्या आदान विस्थापनाची, अंशाच्या शतांशांतली.

दुसरा दोष कपॅसिटरचा. जागा वाचवण्यासाठी इलेक्ट्रोलायटिक वापरला आणि त्याची गळती १० मेगओहमच्या समांतर रोधाइतकी असली, तर स्थिर स्थितीचा गेन अनंत न राहता (१०+१०)/२, म्हणजे १० होतो. ५ व्होल्ट टिकवण्यास ०.५ व्होल्ट, अर्थात ५ अंशांची चूक लागते. म्हणून येथे पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन फिल्मचा कपॅसिटर घ्यावा. पावसाळ्यात कृष्णाकाठच्या दमट हवेत छापील पाटीवर राहिलेला सोल्डरचा फ्लक्सही अशीच गळती करतो.

दोन्ही दोष वेगळे ओळखता येतात. प्रतिपोषण तसेच ठेवून R₁ चे आदान टोक भूमीला जोडावे, कपॅसिटर क्षणभर लघुमंडलित करून सोडावा आणि निर्गत पाहावी. ८० नॅनोअँपिअरचा ऑप-अँप असेल तर निर्गत सेकंदाला ८ मिलिव्होल्ट, म्हणजे मिनिटाला सुमारे अर्धा व्होल्ट, एका चालीने सरकते व अखेर टोकाला भिडते. चाल मंदावत वाकत जाऊन अध्येमध्येच थांबली तर गळती आहे.

संपृक्ती : कपाट ३०° वर सुरू केल्यास चूक ३ व्होल्ट असते आणि प्रमाणी भागच १५ व्होल्ट मागतो, ±१५ व्होल्टवरील ऑप-अँप सुमारे १३ वर अडकतो. तापण्याच्या काळात कपॅसिटर भरत राहतो. सावकाश तापणाऱ्या कपाटात चूक शून्य होताना तो १३ व्होल्टच्या आसपास असतो. हीटर मंद करण्यास निर्गत १० च्या खाली यावी लागते, त्यासाठी तापमान ६ अंशांनी वर जावे लागेल किंवा दरम्यान कपॅसिटर तेवढा उतरावा लागेल. R₂ व C यांच्या पूर्ण शाखेला समांतर झेनर डायोड जोडून निर्गत १० व्होल्टवर रोखल्यास कपॅसिटरही तेथेच थांबतो, आणि चूक ऋण होताच हीटर मंदावू लागतो. झेनरची गळती मात्र तपासावी. या मोठ्या रोधांपुढे एरवी दुर्लक्षित राहणारा प्रवाहही मोठा ठरतो. इष्ट मूल्याजवळ येईपर्यंत रिलेच्या संपर्काने कपॅसिटर लघुमंडलित ठेवणे हा जुना उपाय आहे.