थॅलेसेमियाचं भ्रूण दुरुस्त करायचं की निरोगी भ्रूण निवडायचं?

मे २०२५ मध्ये फिलाडेल्फियातून बातमी आली की काही महिन्यांच्या एका बाळाच्या यकृतातली जनुकीय चूक तिथल्या डॉक्टरांनी दुरुस्त केली. आपल्याकडे तिचा अर्थ लगेच असा लावला गेला, की आता आनुवंशिक आजार भ्रूणातच पुसता येतील. या दोन गोष्टी अगदी वेगळ्या आहेत. त्या बाळात बदल झाला तो यकृताच्या पेशींत. तो त्याच्याबरोबरच संपेल. भ्रूणात केलेला बदल मात्र बीजपेशींतही उतरतो आणि पुढच्या पिढ्यांकडे जातो. हा दुसरा बदल कधी करावा, हा प्रश्न थॅलेसेमियाच्या, म्हणजे शरीरात हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या आनुवंशिक आजाराच्या, उदाहरणावरून चांगला समजतो.

समजा, तासगावचा मुलगा आणि कऱ्हाडची त्याची मामेबहीण यांचं लग्न झालं. आपल्या भागात अशी लग्नं नवीन नाहीत. दोघांनाही थॅलेसेमिया मायनर आहे, म्हणजे जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच सदोष आहे, कारण एकाच आजोबांकडून एकच बदल दोघांकडे आला. भारतात सर्वाधिक आढळणारा हा बदल हिमोग्लोबिनचा एक भाग बनवणाऱ्या बीटा ग्लोबिन जनुकाच्या पहिल्या इंट्रॉनमध्ये, म्हणजे प्रथिन बनण्याआधी गाळल्या जाणाऱ्या तुकड्यात, पाचव्या जागेवर असतो. तिथे डीएनएच्या चार अक्षरांपैकी ‘जी’ ऐवजी ‘सी’ हे अक्षर येतं. दोघांना काहीच त्रास नाही, फार तर हिमोग्लोबिन थोडं कमी. पण प्रत्येक गरोदरपणात मुलाच्या दोन्ही प्रती सदोष, म्हणजे मूल थॅलेसेमिया मेजर असण्याची शक्यता चारात एक. अशा मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं आणि शरीरात साठणारं लोह काढण्यासाठी औषध कायम घ्यावं लागतं.

या जोडप्याला भ्रूणाचं जनुक संपादन लागतं का? लागत नाही. आयव्हीएफमध्ये पाचव्या दिवसापर्यंत पाच भ्रूणं वाढली, तर प्रत्येकाच्या बाहेरच्या थरातल्या पाच-दहा पेशी काढून जनुक तपासता येतं. पाचही भ्रूणं मेजर निघण्याची शक्यता १०२४ मध्ये १. मेजर नसलेलं एखादं भ्रूण जवळजवळ नेहमीच मिळतं. आयव्हीएफ नको असेल तर गरोदरपणाच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेचा नमुना तपासता येतो. त्याच्याही आधी, लग्न ठरण्यापूर्वी, मिरजेच्या किंवा सांगलीच्या लॅबमध्ये रक्ताची एचपीएलसी तपासणी करून हिमोग्लोबिन ए-२ चं प्रमाण पाहता येतं. ते साधारण साडेतीन टक्क्यांच्या वर असेल तर मायनरची शंका घ्यायची. पत्रिकेतले छत्तीस गुण जुळले तरी त्यात हे कळत नाही.

संपादनाची वाट धरली तर पहिलीच अडचण वेळेची. जनुक कापणारी प्रथिनाची कात्री शक्य तितक्या लवकर, म्हणजे भ्रूण एकपेशीय असतानाच आत सोडावी लागते. त्या वेळी पेशी एकच असते. तपासणीसाठी ती काढली तर भ्रूणच उरत नाही. म्हणजे आठ फलित बीजांपैकी सरासरी सहांना मेजर नसतोच, पण ती कोणती हे माहीत नसल्यामुळे कात्री आठांतही सोडावी लागेल. दोन दुरुस्त करण्यासाठी सहा चांगली धोक्यात घालायची.

आणि कात्री काय करते? कॅस-९ हे प्रथिन वीस अक्षरांच्या मार्गदर्शक आरएनएच्या मदतीने जागा शोधतं आणि डीएनएचे दोन्ही धागे कापतं. त्याचं काम तिथेच संपतं. पुढची जोडणी पेशी स्वतःच्या पद्धतीने करते. बहुतेक वेळा ती टोकं घाईने जोडते आणि त्यात काही अक्षरं गळतात किंवा जास्तीची घुसतात. नमुन्याचा बरोबर डीएनए सोबत दिला, तरी पेशी तो वापरेलच असं नाही.

एप्रिल २०१५ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी नेमक्या याच बीटा ग्लोबिन जनुकावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. मूल होऊच शकणार नाही अशी ८६ भ्रूणं त्यांनी घेतली होती. त्यातली ७१ टिकली, ५४ तपासली. २८ मध्ये जनुक कापलं गेलं होतं आणि दिलेला नमुना उतरला होता फक्त चारांमध्ये. काही भ्रूणांत पेशीने दिलेला नमुना सोडून शेजारच्या डेल्टा ग्लोबिन जनुकावरून नक्कल केली होती. ही दोन जनुकं इतकी सारखी आहेत, की पेशीची फसगत झाली. मला या प्रयोगातली सर्वांत बोलकी गोष्ट हीच वाटते: नमुना आपण देतो, पण निवड पेशी करते.

शिवाय तीच भ्रूणं मिश्र होती. कात्री पोहोचेपर्यंत पेशीचं विभाजन सुरू होतं, मग वेगवेगळ्या पेशींत वेगवेगळी जोडणी होते. द्राक्षाच्या एकाच वेलीवर एखाद्या काडीला निराळे घड लागावेत, तसं. पाचव्या दिवशी आपण तपासतो त्या बाहेरच्या पेशी, ज्यांची पुढे वार बनते. बाळ बनतं आतल्या पेशींपासून. बाहेर दुरुस्ती दिसली म्हणून आत ती असेलच असं म्हणता येत नाही.

तपासणी आणखी एका प्रकारे फसवते. न्यूयॉर्कमधल्या एका गटाने २०२० मध्ये अंधत्वाशी संबंधित एका जनुकावर असंच काम केलं. जवळपास निम्मे छेद जुळलेच नाहीत आणि गुणसूत्राचा मोठा भाग गळून गेला. अशा वेळी वाचण्यासाठी दुसरी, चांगली प्रतच तेवढी उरते आणि अहवालात ‘दोष नाही’ असं दिसतं. खरं तर दोषी प्रत दुरुस्त झालेली नसते, नाहीशी झालेली असते.

दोन्ही धागे न कापता एकच अक्षर बदलणारे बेस एडिटर आता आहेत. फिलाडेल्फियात तेच वापरलं. पण प्रचलित एडिटर ‘ए’ चं ‘जी’ किंवा ‘सी’ चं ‘टी’ करतात. आपल्या जोडप्याला हवं आहे ‘सी’ चं ‘जी’. तिथे चुकून ‘टी’ झालं तर तोही थॅलेसेमियाचाच एक ज्ञात बदल आहे.

मग भ्रूण संपादनाची खरी गरज कुणाला? आई आणि वडील दोघेही मेजर असतील तर. तेव्हा सगळीच भ्रूणं मेजर, निवडायला काही उरत नाही. कोणतं संपादन चालेल आणि कोणतं नाही, ही रेषा कुठे ओढायची याचं सर्वांत स्पष्ट टोक हे आहे. आजार गंभीर आहे, उपचार बाळ काही महिन्यांचं असल्यापासून लागतात, आणि बदल करून जे अक्षर परत आणायचं ते अब्जावधी माणसांत आहेच.

दुसऱ्या टोकाला २०१८ चं चीनमधलं जुळ्या मुलींचं प्रकरण. वडिलांना एचआयव्ही होता, पण शुक्राणू धुऊन घेतले तर बाळाला लागण होत नाही. भ्रूणांना कोणताही आजार नव्हता. तरीही एचआयव्हीला पेशीत शिरायला लागणारं दार बनवणारं सीसीआर-५ जनुक कापलं गेलं. काही माणसांत या जनुकातली ३२ अक्षरं निसर्गतः गळालेली असतात आणि त्यामुळे हे दार बंद राहतं. या मुलींत तो बदल न होता, भलतेच बदल झाले. त्याला प्रतिबंध म्हटलं गेलं, पण ते निरोगी शरीरात जास्तीची क्षमता घालणंच होतं. संबंधित शास्त्रज्ञाला तीन वर्षांची कैद झाली.

खरी अवघड जागा मध्ये आहे. पीसीएसके-९ जनुक निकामी असलेल्या माणसांचं कोलेस्टेरॉल कमी असतं आणि हृदयविकारही कमी होतो. भ्रूणात ते बंद करावं का? माझं उत्तर नाही, कारण या धोक्यावर ते मूल मोठं झाल्यावर स्वतः ठरवून औषध घेऊ शकतं. मेजरच्या बाळाला तेवढी वाट पाहता येत नाही. उंचीचा तर प्रश्नच वेगळा: २०२२ च्या अभ्यासात तिच्याशी जोडलेले १२,१११ बदल सापडले. कोणता बदलणार?

रेषा कागदावर ओढलेली पुरेशी नसते, हे सांगली जिल्ह्याला सांगायला नको. गर्भाची वाढ पाहण्यासाठीची सोनोग्राफी मुलगी शोधायला वापरली गेली. पीसीपीएनडीटी कायद्याने गर्भाची तपासणी ठरावीक आजारांसाठीच ठेवली, हिमोग्लोबिनचे आजार त्यात आहेत, लिंग नाही. २०१७ च्या आयसीएमआर तत्त्वांनुसार संपादित भ्रूण गर्भाशयात रुजवायला मनाई आहे. ती आज योग्यच आहे. पण मेजर रुग्ण आता जास्त वर्षं जगतात, लग्नं करतात. दोघे मेजर असलेल्या जोडप्याला आज दात्याचं बीज किंवा दत्तक मूल एवढेच मार्ग आहेत. मनाई कधी सैल करायचीच असेल तर पहिला विचार त्यांचा व्हावा, आणि तोही आतल्या पेशींबद्दल खात्री देणारी तपासणी हाती आल्यावरच.