गाठीतली म्यूटेशन्स मोजताना नेमकं काय मोजायचं?

२०२२च्या जूनमध्ये ‘कर्करोगावर शंभर टक्के गुणकारी औषध’ ही बातमी सगळीकडे फिरली. बातमीमागचा अभ्यास खरा होता. गुदाशयाच्या कर्करोगाच्या १२ रुग्णांना डोस्टारलिमॅब हे औषध सहा महिने दिलं आणि बाराही जणांच्या तपासण्यांत गाठ दिसेनाशी झाली. बहुतेक बातम्यांत एकच गोष्ट सुटली होती: हे बाराही जण निवडून घेतलेले होते. त्यांच्या गाठींत डीएनए-दुरुस्तीची एक विशिष्ट यंत्रणा बंद पडलेली होती, आणि गुदाशयाच्या शंभर गाठींपैकी जेमतेम पाच-दहा गाठी अशा असतात.

आधी औषधाबद्दल थोडं. आपल्या टी-पेशी, म्हणजे परक्या पेशींवर हल्ला करणाऱ्या संरक्षक पेशी, यांच्यावर पीडी-१ नावाचा ब्रेक असतो. कर्कपेशी तो दाबून ठेवतात आणि डोस्टारलिमॅबसारखी औषधं तो सोडवतात. ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ म्हणून विकली जाणारी चूर्णं आणि गोळ्या यांचा या उपचाराशी काडीचाही संबंध नाही. ब्रेक सुटला तरी टी-पेशीला हल्ला करण्यासाठी काहीतरी परकं दिसावं लागतं. ते परकेपण म्यूटेशनमधून, म्हणजे गाठीच्या डीएनएतल्या बदलातून येतं, पण सगळ्याच म्यूटेशनमधून सारखं येत नाही.

डीएनएमध्ये काही ठिकाणी एकच अक्षर किंवा अक्षरांचा छोटा गट ओळीने पुन्हा पुन्हा येतो. या पट्ट्यांना मायक्रोसॅटेलाइट म्हणतात. नक्कल करणारं एन्झाइम अशा पट्टीवर घसरतं आणि एखादं अक्षर कमी किंवा जास्त लिहितं. निरोगी पेशीत एमएसएच२ आणि एमएसएच६ या प्रथिनांची जोडी ती चूक पकडते, एमएलएच१ आणि पीएमएस२ ही जोडी दुरुस्तीचं काम पुढे नेते. यातलं एखादं प्रथिन गेलं की चुका तशाच साचत जातात. पट्ट्यांची लांबी पेशीगणिक बदलू लागते, हीच मायक्रोसॅटेलाइट अस्थिरता, म्हणजे एमएसआय. त्या बारा जणांच्या गाठींत बंद पडलेली यंत्रणा हीच.

बहुतेक मायक्रोसॅटेलाइट प्रथिन न बनवणाऱ्या भागांत असतात, पण काही थेट प्रथिन बनवण्याच्या सूचनेत बसलेले असतात. टीजीएफबीआर२ या जनुकात सलग दहा ‘ए’ आहेत. त्यातला एक गळला की काय होतं ते पाहा. वरची ओळ मूळ आहे, खालची एक ‘ए’ गमावलेली. प्रत्येक तीन अक्षरांखाली त्यातून बनणारं अमिनो आम्ल एका अक्षराने दाखवलं आहे.

```
GAA AAA AAA AAG CCT GGT GAG ACT TTC
 E   K   K   K   P   G   E   T   F

GAA AAA AAA AGC CTG GTG AGA CTT TC
 E   K   K   S   L   V   R   L
```

अक्षरं तीन-तीनच्या गटांत वाचली जातात. म्हणून एक अक्षर गेल्याबरोबर पुढचे सगळे गट सरकतात. चौथ्या जागेपासून जे प्रथिन बनतं ते शरीरात पूर्वी कधीच बनलेलं नसतं, आणि थांबण्याची खूण येईपर्यंत ते तसंच बनत राहतं. साध्या म्यूटेशनमध्ये अक्षर बदलतं, पण गट सरकत नाहीत. तिथे फार तर एक अमिनो आम्ल बदलतं, आणि टी-पेशीला तो तुकडा बऱ्याचदा ओळखीचाच वाटतो. गट सरकले की अनेक नवे तुकडे एकदम तयार होतात. एमएसआय असलेल्या गाठी या औषधांना इतका चांगला प्रतिसाद का देतात, याचं मोठं कारण या सरकण्यात आहे.

ट्यूमर म्यूटेशनल बर्डन, म्हणजे टीएमबी, हा फरक पाहत नाही. दर दहा लाख अक्षरांमागे किती म्यूटेशन्स आहेत एवढंच तो सांगतो. पीडी-१चाच ब्रेक सोडवणाऱ्या पेम्ब्रोलिझुमॅब या औषधाला अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये एमएसआयच्या आधारे मान्यता दिली, गाठ कोणत्या अवयवात आहे हे न पाहता. २०२० मध्ये टीएमबी १० किंवा जास्त असेल तरीही मान्यता मिळाली. त्यामागच्या अभ्यासात १०च्या वरच्या रुग्णांपैकी २९ टक्क्यांच्या गाठी लक्षणीय आकसल्या, खालच्यांपैकी ६ टक्क्यांच्या. फरक मोठा आहे, तरी वरच्या गटातल्या दहापैकी सात जणांना तो आकडा उपयोगी पडला नाही, हेही त्यातच आलं.

शिवाय हा आकडा वाटतो तितका पक्का नसतो. समजा चाचणीने ०.८ मेगाबेस, म्हणजे आठ लाख अक्षरं वाचली. अनेक जनुकं एकदम वाचणाऱ्या मोठ्या चाचणीचा, म्हणजे जनुक-पॅनेलचा, आवाका साधारण एवढाच असतो. ७ म्यूटेशन्स सापडली तर टीएमबी ८.७५, आठ सापडली तर बरोबर १०, नऊ सापडली तर ११.२५. उंबरठ्याच्या अलीकडे की पलीकडे, हे एका म्यूटेशनवर ठरतं. सरासरी आठ अपेक्षित असतील तर निव्वळ योगायोगाने पाच ते अकरा यांमधलं काहीही सहज येऊ शकतं. अहवालावर दशांशात छापलेला आकडा पाहून ही अनिश्चितता कुणाच्या लक्षातही येत नाही.

आणखी दोन गोष्टी आकडा फुगवतात. रक्ताचा किंवा निरोगी ऊतीचा नमुना सोबत वाचला नसेल, तर जन्मजात फरक माहितीसाठ्यांशी ताडून वगळले जातात. रुग्णाच्या वंशातल्या लोकांची नोंद त्या साठ्यांत कमी असेल तर त्याचे जन्मजात फरक गाठीच्या खात्यावर जमा होतात. दुसरं, टिकवण्यासाठी फॉर्मेलिनमध्ये ठेवलेल्या ऊतीत काही ‘सी’ रासायनिक बदलामुळे ‘टी’ वाचले जातात. उलट नमुन्यात कर्कपेशी फार कमी असतील तर खरी म्यूटेशन्सही निसटतात.

एमएसआयची चाचणीही चुकते, पण तिची चूक पकडता येते. एक पद्धत म्हणजे गाठीचा पातळ छेद घेऊन चारही प्रथिनांसाठी रंगवणं. प्रथिन असेल तर पेशीकेंद्र तपकिरी दिसतं. पाहायचं ते असं: कर्कपेशींची केंद्रं रंगहीन असली तरी त्याच छेदातल्या लसीकापेशींची रंगलेली हवीत. तीही कोरी असतील तर प्रथिन गेलेलं नाही, रंगवणं फसलं आहे. दुसरी खूण जोडीची. एमएलएच१ गेलं की आधार सुटल्यामुळे पीएमएस२ही जातं, एमएसएच२ गेलं की एमएसएच६. एमएलएच१ एकटंच गेलेलं दिसलं तर स्लाइड पुन्हा रंगवायला हवी. (उलटं चालतं. पीएमएस२ किंवा एमएसएच६ एकेकटं जाऊ शकतं.)

दुसरी पद्धत पीसीआरची, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या भरपूर प्रती काढण्याची. सहसा पाच ठरावीक पट्ट्यांची लांबी गाठीत आणि निरोगी ऊतीत मोजतात. दोन किंवा अधिक बदललेल्या असतील तर ‘एमएसआय-हाय’. इथे अडचण एमएसएच६ गेलेल्या गाठींची, कारण त्यांत लांबी इतकी थोडी सरकते की आलेखावर ती नजरेतून सुटते. गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगात हे विशेष सांभाळावं लागतं. अशा वेळी रंगवण्याची पद्धत उत्तर देते.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगाचे ३८ रुग्ण होते, सगळे कागदोपत्री एमएसआयवाले. पाच जणांवर याच प्रकारच्या औषधाचा सुरुवातीपासूनच परिणाम झाला नाही. त्यांचे नमुने पुन्हा तपासल्यावर पाचपैकी तिघांच्या गाठीत अस्थिरता नव्हतीच.

म्हणून पहिल्याच स्कॅनमध्ये गाठ वाढलेली दिसली, तर औषध निकामी ठरवण्याआधी तोच ऊतीचा ब्लॉक दुसऱ्या पद्धतीने तपासून घ्यावा. एमएसआय आणि टीएमबी दोन्हींचे निकाल हाती असतील तर ते एकमेकांची उलटतपासणी करतात. खऱ्या एमएसआय गाठीत आतड्याच्या कर्करोगाचा टीएमबी सहसा वीस-तीसच्या पुढे असतो. अहवालात ‘एमएसआय-हाय’ लिहिलेलं आहे आणि टीएमबी चार आहे, असं दिसलं तर दोनपैकी एक नोंद चुकलेली असण्याची दाट शक्यता आहे. पहिला डोस देण्याआधी प्रयोगशाळेला फोन करण्याची वेळ तीच.